स्टॉक कधी जास्त दिसतो, कधी कमी! वेबहूकवाल्यांनो, जरा बघा

कसबेकर_जावई (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तांबट आळीजवळ मेव्हण्याचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. माझी नोकरी वेगळी, पण 'तुला पीएचपी येतं ना' या एका वाक्यावर दुकानाचा ऑनलाइन कारभार माझ्या गळ्यात पडला. माल दोन मार्केटप्लेसवर विकतो. नावं लिहीत नाही, उगाच वाद नको. एकाला अ म्हणू, दुसऱ्याला ब. दोन्हीकडून ऑर्डर आली की वेबहूक येतो, माझा हँडलर पोस्टग्रेसमधल्या `stock` टेबलमधून नग वजा करतो आणि उरलेला आकडा दुसऱ्या मार्केटप्लेसला कळवतो. सर्व्हर म्हणजे दुकानाच्या माळ्यावरचा जुना पीसी.

गेल्या महिन्यात मधल्या आकाराची मठारकामाची घंगाळी ४ होती आणि विकली ५. पाचवं गिऱ्हाईक औंधातलं, मुलीच्या लग्नात द्यायचं होतं. मेव्हण्याने फोनवर जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक घंगाळं ठोकून, मठारून, कल्हई होऊन यायला कारागिराला आठवडा लागतो, त्यामुळे 'उद्या देतो' असंही म्हणता येत नाही.

आता गंमत. त्याच महिन्यात एक लिटरच्या जगचा आकडा डेटाबेसमध्ये खऱ्यापेक्षा कमी निघाला. फळीवर ५, टेबलमध्ये ४. म्हणजे एकीकडे कमी वजा होतंय, दुसरीकडे जास्त. कोड एकच!

```php
$qty = $db->query("SELECT qty FROM stock
                   WHERE sku='GHANGAL-M'")->fetchColumn();
$db->exec("UPDATE stock SET qty=" . ($qty - 1) .
          " WHERE sku='GHANGAL-M'");
```

(sku इथे दाखवण्यापुरता हाताने लिहिलाय. त्यावरून कृपया शाळा घेऊ नका.)

---

ओंकार_हडपसर

दोन ऑर्डर एकदम आल्या असणार. दोन्ही ओळी `BEGIN` आणि `COMMIT` च्या मध्ये टाका. ट्रान्झॅक्शन नाही म्हणून होतंय. पाच मिनिटांचं काम.

---

शुभदा_चटण्या

मी पण विकते ऑनलाइन! कारळ्याची, जवसाची, लसणाची. माझ्याकडे वहीच आहे, ऑर्डर आली की रेघ मारते आणि आजवर एकदाही चुकलं नाही. तुमच्याकडे दिवसाला किती ऑर्डरी येतात? पन्नासच्या आत असतील तर वहीच बरी, असं माझं प्रामाणिक मत.

---

कसबेकर_जावई

ताई, दिवसाला वीसेक येतात. वही मेव्हण्याकडेही आहे, आणि ती बरोबर असते हेच तर दुखणं आहे. 😀 पण वहीत रेघ मारली म्हणून ब वरचा आकडा कमी होत नाही ना.

---

जुना_डीबीए

धागाकर्ते, ही दोन वेगळी दुखणी आहेत. एका औषधाने जाणार नाहीत. लॉग असेल तर टाका: घंगाळ्याची शेवटची दिवसभराची हालचाल आणि जगचीही. वेळ सेकंदाच्या खाली हवी.

ओंकार, निव्वळ `BEGIN`-`COMMIT` ने हे थांबणार नाही. पोस्टग्रेस काही न सांगता `READ COMMITTED` मध्ये चालतं. तिथे दोन्ही ट्रान्झॅक्शन आपापला `SELECT` करून ४ वाचतील, दोघं मनातल्या मनात ३ काढतील आणि दोघं ३ लिहितील. दुसरा पहिल्यासाठी थांबेल खरा, पण थांबूनही ३ च लिहील, कारण त्याचं गणित आधीच होऊन बसलंय.

---

ओंकार_हडपसर

`SERIALIZABLE` लावलं तर?

---

जुना_डीबीए

चालेल. मग दोघांपैकी एकाला पोस्टग्रेस एरर देऊन परत पाठवेल आणि ते ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवायचं काम तुमच्या कोडवर येईल. एक आकडा वजा करायला एवढा घाट कशाला? वजाबाकी डेटाबेसलाच करू द्या: `SET qty = qty - 1`. मग दुसरा `UPDATE` त्या ओळीच्या कुलपासाठी थांबतो, आणि कुलूप सुटल्यावर ताजा आकडा धरून वजा करतो.

---

कसबेकर_जावई

लॉग सापडला. आधी घंगाळं:

```
19:02:11.204 A-5507  GHANGAL-M 4 -> 3
19:02:11.219 B-88213 GHANGAL-M 4 -> 3
```

आणि जग:

```
11:40:03.510 B-88190 JUG-1L 6 -> 5
11:40:14.022 B-88190 JUG-1L 5 -> 4
```

घंगाळ्याचं कळलं. पंधरा मिलिसेकंदांत दोघं आले, दोघांनीही ४ वाचला. म्हणजे गेली दोन आणि लिहिलं गेलं एक. पण जगमध्ये ऑर्डर क्रमांक एकच आहे! ब ने एकच ऑर्डर दोनदा का पाठवली? त्यांच्याकडे तक्रार करू का?

---

मृण्मयी_बाणेर

तक्रार करू नका, तेच तुम्हाला त्यांच्या नियमांचा कागद दाखवतील. तुमचा हँडलर स्टॉक वजा केल्यावर आणखी काय काय करतो? माझा अंदाज, उत्तर द्यायच्या आधी बिलाची पीडीएफ, मेल असलं काहीतरी चाललंय.

---

कसबेकर_जावई

हो. 🙈 स्टॉक वजा, मग पीडीएफ, मग गिऱ्हाइकाला मेल, मग कुरियरच्या साइटवर पिकअप. सगळं झाल्यावर २००. आत्ता मोजलं, बारा सेकंद लागतात. ब च्या कागदपत्रांत मुदत आहे दहा सेकंद.

---

मृण्मयी_बाणेर

मग जमलं गणित. ११:४०:०३ ला तुम्ही वजा केलं. ११:४०:१३ ला त्यांनी कंटाळून फोन ठेवला. त्यांच्या लेखी निरोप पोचलाच नाही, म्हणून ११:४०:१४ ला पुन्हा पाठवला. तुमचा पहिला हँडलर तेव्हा कुरियरशी बोलत होता. त्या गिऱ्हाइकाला मेलही दोन गेले असतील, बघा.

ही ब ची खोड नाही, सगळीकडे असंच असतं. शॉपिफाय तर ५ सेकंदच देतं, आणि एकच वेबहूक दोनदा येऊ शकतो असं त्यांच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. निरोप हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला परवडला, असा त्यांचा हिशेब. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच ऑर्डरच्या दोन नोंदी आणि मधलं अंतर साधारण त्यांच्या मुदतीएवढं.

हँडलरने फक्त निरोप टेबलात टाकायचा आणि २०० द्यायचं. पीडीएफ-मेल-कुरियर मागून दुसरा प्रोसेस करेल.

---

कसबेकर_जावई

मेल दोन गेलेत. गिऱ्हाइकाने 'दोन जग येणार का?' असं विचारलं पण होतं, मेव्हण्याने हसण्यावारी नेलं.

मग हँडलर हलका केला की झालं ना? दहा सेकंद कधी लागणारच नाहीत.

---

जुना_डीबीए

कमी होईल, संपणार नाही. तुम्ही २०० दिलंत आणि ते वाटेत नेटवर्कवर हरवलं, तरी ते पुन्हा पाठवणारच. म्हणून दुसऱ्यांदा आलेला निरोप ओळखता आला पाहिजे.

---

ओंकार_हडपसर

हे मला माहीत आहे. प्रत्येक वेबहूकसोबत आयडी येतो, शॉपिफायचा हेडर `X-Shopify-Webhook-Id`. तो साठवायचा, परत आला तर सोडून द्यायचा.

---

जुना_डीबीए

अर्धं बरोबर. तो आयडी निरोपाचा झाला, विक्रीचा नाही. समजा चुकून एकाच पत्त्यावर दोन सबस्क्रिप्शन नोंदली गेली, किंवा उद्या तुम्ही राहिलेल्या ऑर्डरी स्वतः जाऊन ओढून आणल्या (त्या आणाव्या लागतीलच, पुढे लिहितो). विक्री तीच, पण निरोपाचा आयडी वेगळा किंवा मुळात नाहीच. म्हणून किल्ली विक्रीची करा: कुठला मार्केटप्लेस, ऑर्डरमधली कितवी ओळ, आणि विक्री की रद्द.

```sql
BEGIN;
INSERT INTO stock_moves
  (channel, order_line, kind, sku, delta)
VALUES ('B', '88190-1', 'sale', 'JUG-1L', -1)
ON CONFLICT (channel, order_line, kind) DO NOTHING;
-- वर ओळ खरंच पडली असेल तरच:
UPDATE stock SET qty = qty - 1 WHERE sku = 'JUG-1L';
COMMIT;
```

तिन्ही कॉलमवर मिळून `UNIQUE` हवं, नाहीतर `ON CONFLICT` चालणार नाही. `INSERT` ने शून्य ओळी टाकल्या असं आलं तर `UPDATE` करायचाच नाही, निमूटपणे २०० द्यायचं. आणि दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आधी नोंद कमिट करून नंतर वजा करायला गेलात आणि मध्येच लाइट गेली, तर नोंद म्हणेल विकलं आणि स्टॉक म्हणेल नाही. ओंकार, तुमचं `BEGIN` इथे उपयोगी पडतं बघा.

---

ओंकार_हडपसर

धन्यवाद काका. पण एक राहिलं. `UPDATE` ला `AND qty >= 1` जोडा आणि टेबलवर `CHECK (qty >= 0)`. म्हणजे स्टॉक नसताना विक्री होणारच नाही. ओव्हरसेलिंगचा विषय संपला.

---

जुना_डीबीए

इथे मात्र सपशेल चूक, आणि ही चूक मी स्वतः करून बसलोय म्हणून जरा लांबण लावतो.

वेबहूक तुम्हाला परवानगी विचारायला येत नाही, बातमी द्यायला येतो. तो येतो तेव्हा गिऱ्हाइकाने पैसे भरलेले असतात, त्याच्या फोनवर 'ऑर्डर झाली' आलेलं असतं. तुमच्या डेटाबेसने 'नाही' म्हटलं म्हणून ऑर्डर रद्द होत नाही. ती फक्त तुम्हाला दिसत नाही.

माझ्याकडे असं झालं. `CHECK` लावलेला. स्टॉक शून्य असताना ऑर्डर आली, `UPDATE` फुटला, हँडलरने ५०० दिलं. समोरून पुन्हा निरोप, पुन्हा ५००. असं बरेचदा झाल्यावर समोरच्याने माझा वेबहूकच बंद करून टाकला, आणि मग स्टॉक असलेल्या वस्तूंच्या ऑर्डरीही यायच्या थांबल्या. दीड दिवस मला वाटत होतं, काय शांतता आहे! वूकॉमर्समध्येही ही सोय आहे: सलग पाचापेक्षा जास्त वेळा निरोप फसला की वेबहूक आपोआप बंद.

म्हणून आकडा उणे जाऊ द्या. -१ म्हणजे 'एक माणूस वाट बघतोय आणि माल नाही'. तो आकडा खरा आहे. शून्याखाली गेला की त्याच क्षणी मेव्हण्याच्या फोनवर निरोप जाऊ द्या. दहा मिनिटांत केलेला फोन आणि चौथ्या दिवशी केलेला फोन यात फार फरक असतो.

---

मृण्मयी_बाणेर

एक पुस्ती. तुमची स्वतःची वेबसाइट असेल आणि पैसे घ्यायच्या आधी तुमचाच डेटाबेस विचारला जात असेल, तर तिथे `qty >= 1` हवंच. तिथे परवानगी देणारे तुम्ही. ओंकार बहुतेक तेच डोक्यात धरून बोलतोय.

---

ओंकार_हडपसर

हो, आमची ऑफिसमधली सिस्टिम तशीच आहे. बरं, पटलं. म्हणजे ९०% पटलं. उणे स्टॉक बघून आमचा अकाउंट्सवाला झोपणार नाही.

---

देवगड_टू_डेक्कन

मी हंगामात आंब्याच्या पेट्या विकतो. माझा घोळ थोडा वेगळा. एका ऑर्डरमध्ये दोन डझनी आणि चार डझनी दोन्ही असतात. वरच्यासारखं केलं तर मधूनच `deadlock detected` येतं. का?

---

जुना_डीबीए

एका ऑर्डरने आधी दोन डझनीची ओळ धरली आणि चार डझनीसाठी थांबली, दुसरीने नेमकं उलट केलं. बोळात समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा. ऑर्डरमधल्या ओळी वजा करण्याआधी sku च्या क्रमाने लावून घ्या. सगळे एकाच बाजूने आत शिरले की कोंडी होत नाही.

---

देवगड_टू_डेक्कन

इतकं सोपं? मी कोडमध्ये `sleep(1)` टाकून ठेवलं होतं. सांगतोय कुणाला. 😅

---

कसबेकर_जावई

काका, 'राहिलेल्या ऑर्डरी ओढून आणा' म्हणालात ते सांगा. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. यूपीएस अर्धा तास टिकतो, मग माळ्यावरचा पीसी बंद.

---

जुना_डीबीए

पुण्यात राहून गुरुवार विसरणं शक्य नाही. त्या वेळात आलेले वेबहूक समोरचा थोडा काळ परत परत पाठवून बघतो, मग सोडून देतो. किती काळ, ते ज्याचं त्याचं वेगळं. काही जण एकदाच पाठवतात.

म्हणून दर पंधरा मिनिटांनी क्रॉन चालवा, दोन्हीकडे 'गेल्या दोन तासांत बदललेल्या ऑर्डरी द्या' म्हणा आणि प्रत्येक ऑर्डर त्याच वरच्या फंक्शनमधून जाऊ द्या. पंधरा मिनिटांच्या क्रॉनला दोन तास मागे बघणं बावळटपणा वाटेल, पण किल्ली विक्रीची असल्याने आधी घेतलेल्या आपोआप गळतात. पीसी बंद पडून चालू झाला की पहिल्या फेरीला मात्र शेवटच्या यशस्वी फेरीपासून मागा. गुरुवारी दोन तास पुरणार नाहीत.

आणि खरं सांगू? सर्व्हर माळ्यावरून हलवा.

---

शुभदा_चटण्या

गुरुवारी माझी वही चालू असते. 😌

---

मृण्मयी_बाणेर

ताई 😂

धागाकर्ते, अजून एक भोक आहे आणि ते यातल्या कशानेच बुजत नाही. ब वर शेवटून दुसरं घंगाळं विकलं गेलं. ब ने स्वतःच आपला आकडा २ वरून १ केला. त्याचा वेबहूक अजून वाटेत आहे. तेवढ्यात तुम्ही अ च्या भलत्याच कामासाठी चालवलेल्या सिंकमुळे ब ला कळवलंत, '२ आहेत'. झालं, ब वर पुन्हा २ दिसायला लागले. तुमच्या हाताने!

---

कसबेकर_जावई

अरे देवा. मग 'एकूण २' असं न सांगता 'एक कमी कर' असं सांगू का?

---

मृण्मयी_बाणेर

नको. तो निरोप दोनदा गेला की परत जगचीच गोष्ट. आकडा पूर्णच सांगा, पण ज्या वस्तूत खरंच हालचाल झाली तिचाच, आणि पाठवायच्या क्षणी टेबलातून ताजा वाचून. एका sku चे निरोप एकामागून एक जाऊ द्या, म्हणजे जुना आकडा मागाहून पोचून नव्याला पुसणार नाही. भोक लहान होईल, पण राहीलच.

---

जुना_डीबीए

बरोबर. अ वर विक्री झाल्यापासून ब वर आकडा बदलून दिसेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ दोन्ही दुकानं शेवटचा नग विकू शकतात. कोड कितीही शहाणा असला तरी. तो वेळ आधी मोजा: ऑर्डरमधली वेळ, तुमच्याकडे पोचल्याची वेळ, ब ला कळवल्याची वेळ, आणि ब च्या पानावर प्रत्यक्ष दिसल्याची वेळ. शेवटची वेळ फोन हातात घेऊन मोजावी लागते.

मग बफर. प्रत्येक ठिकाणी खऱ्यापेक्षा एक-दोन नग कमी दाखवा.

---

कसबेकर_जावई

चार घंगाळ्यांत दोन लपवली तर विकू काय? मेव्हणा मला दुकानात येऊ देणार नाही.

---

देवगड_टू_डेक्कन

मी वेगळं करतो. भरपूर माल असेतो दोन्हीकडे दाखवतो. दोन पेट्या उरल्या की एका ठिकाणी शून्य करतो, शेवटच्या दोन फक्त जिथे कमिशन कमी तिथे. शेवटचा नग एकाच दुकानात असला की भांडायला दुसरं कुणी नसतं.

---

जुना_डीबीए

चार-पाच नगांच्या मालाला हे बफरपेक्षा बरं. मात्र तीनवरून एकदम एकावर आलं तर तो क्षण सुटतोच. आणि ज्या ठिकाणी वारंवार शून्य होतं तिथे शोधात वस्तू मागे पडते अशी बऱ्याच विक्रेत्यांची कुरकुर असते. मी स्वतः बफरवाला, पण माझ्याकडे शेकड्याने नग असायचे.

---

कसबेकर_जावई (अठरा दिवसांनी)

हजर आहे. केलेलं सांगतो.

हँडलर आता पाऊण सेकंदात २०० देतो. `stock_moves` मध्ये आतापर्यंत अकरा निरोप दुसऱ्यांदा आले आणि गळले. आधी मी हे कधी मोजलंच नव्हतं! गुरुवारी लाइट गेली, साडेतीन तास. परत आल्यावर क्रॉनने तीन ऑर्डरी उचलल्या, त्यातली एक अ ने नंतर वेबहूकनेही पाठवली आणि ती सोडली गेली. हे लॉगमध्ये बघताना मला अक्षरशः चहा आणावासा वाटला, आणला.

वेळ मोजली. माझ्याकडचं सगळं दोन-तीन सेकंदांत होतं, पण ब च्या पानावर नवा आकडा दिसायला कधी ४० सेकंद, कधी पावणेतीन मिनिटं. तिथे माझा इलाज नाही.

आणि व्हायचं ते झालंच. परवा रात्री घंगाळं -१. अ आणि ब वर एक मिनिटाच्या आत. पण निरोप लगेच आला, मेव्हण्याने नऊ मिनिटांत फोन केला. गिऱ्हाईक सहकारनगरचं होतं. 'दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत द्या म्हणजे झालं' म्हणाल्या. कारागिराला सांगितलंय.

शेवटची दोन फक्त अ वर ठेवायची, हे मेव्हण्याला अजून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, ब वर घंगाळं जास्त चालतं. माझं म्हणणं, ब चाच आकडा उशिरा हलतो. रद्द झालेल्या ऑर्डरीचा वेबहूक मूळ ऑर्डरीच्या आधी आला तर काय करायचं, हे पण विचारायचंय, परवा एकदा तसं झालंय. त्याचा लॉग रात्री टाकतो.